ऑर्डर त्यालाच रद्द करू दे

प्रश्न: "ॲपवर वस्तू मागवली, तर सेलरचा फोन आला. ऑर्डर कॅन्सल करून पैसे थेट यूपीआयवर पाठवा, दीड हजार कमी घेतो म्हणतोय. बिलपण देणार आहे. करू का?"

नको. मी स्वतः कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो, त्यामुळे पलीकडच्या माणसाचं गणित मला पाठ आहे.

त्याला एवढी घाई आहे, तर ऑर्डर तोच का रद्द करत नाही? कारण सेलरने रद्द केलेली ऑर्डर त्याच्या खात्याला लागते. असं वारंवार झालं की रेटिंग पडतं, दंड बसतो, खातं बंदही होऊ शकतं. तुम्ही रद्द केलीत, तर 'ग्राहकाचा विचार बदलला' एवढीच नोंद राहते. वर ॲपला द्यायचं कमिशन आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी वाचतो. आणि हा झाला प्रामाणिक सेलर! भामट्याला तर ती ऑर्डरच नको असते, कारण वस्तू पोचल्याशिवाय तिचे पैसे त्याच्या हातात पडत नाहीत.

मी चामड्याची कड तासायचं मशीन मागवलं होतं, साडेअठरा हजाराचं. असाच फोन आला, पाठोपाठ व्हॉट्सॲपवर क्यूआर. स्कॅन केला तर पिनच्या आधी जे नाव दिसलं ते दुकानाचं नव्हतंच, कुणा बाईचं होतं. मी म्हटलं, "हेच ॲपच्या चॅटमध्ये लिहा." तिथं गडी गप्प.

आमचे दाजी शेजारीच बसलेले. शाहूपुरीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान. "आरं, धंदा विश्वासावर चालतोय. दीड हजार काय झाडाला लागलेत?" मी ऐकलं नाही. ऑर्डर तशीच ठेवली, मुकाट्यानं मशीन आलं. चालवून बघितलं तर पातं मध्येच चामडं खातंय, कड एकसारखी येईना. व्हिडिओ जोडून रिटर्न टाकला, माणूस येऊन मशीन घेऊन गेला, पैसे परत आले. थेट दिले असते, तर कुणाच्या दारात जायचं होतं? पिन टाकून पाठवलेले पैसे बँक परस्पर ओढून आणत नाही. ॲपवाले म्हणाले असते, ऑर्डर तुम्हीच रद्द केलीय.

दाजींचं अजून तेच, "तुझं नशीब चांगलं." दाजी, त्यात नशीब कुठं आलं? तुम्ही उधारी देता ती गिऱ्हाईकाचं घर माहीत असतं म्हणून. या गड्याचं घर कुणी बघितलंय?

आता ॲपवरचा रिटर्न दरवेळी सुखाचा होतो असं नाही, खोकं फोडतानाचा व्हिडिओ काढाच. ओळखीच्या दुकानात समोर बसून, बिल घेऊन पैसे दिले तर माझी ना नाही. 'माल निघालाय, ओटीपी सांगा' म्हणाला तर वस्तू हातात आल्याशिवाय सांगू नका, नाहीतर डिलिव्हरी झाल्याची नोंद पडते. आणि पैसे आधीच पाठवून बसला असाल, तर माझं उत्तर वाचत बसू नका. आधी १९३० ला फोन लावा, मग cybercrime.gov.in वर तक्रार टाका. तो क्यूआर आणि चॅट डिलीट करू नका.