‘स्ता’मधला ‘स’ सुटा धरायचा का?

‘र, स्ता, द, र्या, वा, न, क ही अक्षरं शब्द बनवायला दिली होती. एका शब्दात एक अक्षर एकदाच वापरायचं. मी ‘स्ता’मधला स घेऊन ‘सन’ केला, तो वहिनींनी बाद केला. ‘वाऱ्या’ मात्र सगळ्यांनी धरला. असं का? बोलताना तर आपण रस्‌-ता असंच तोडतो. — नांदेड’

वहिनींचं बरोबर आहे. उलट ‘वाऱ्या’सुद्धा बाद व्हायला हवा होता.

तुमचा कान चुकत नाही, रस्ता म्हणताना स् मागच्या र ला चिकटतोच. पण हा खेळ लिहिलेल्या अक्षरांचा आहे, आणि लेखी अक्षर स्वरावर संपतं. ‘स्ता’मधल्या स् ला स्वतःचा स्वर नाही, ‘सन’मधल्या स मध्ये अ आहे. म्हणजे तो अ तुम्ही पदरचा घातलात. ‘र्या’तून ‘या’ काढायचा झाला तर र् टाकून द्यावा लागेल. काही घालावं किंवा टाकावं लागलं, की तुकडा पाडला असं समजायचं. अनुस्वारालाही हेच लागू: ‘हिंगोली’तल्या ‘हिं’मधून ‘हि’ मिळत नाही.

याची दुसरी बाजू ‘परभणी’त दिसते. आपण म्हणतो पर्‌-भणी, पण लिहितो प-र-भ-णी. अक्षरं चार, आणि र पूर्ण, म्हणून तो सुटा वापरता येतो. ‘गर्भ’मधला तसा येत नाही.

आता ‘वाऱ्या’. तुम्हाला दिलाय रफाराचा ‘र्या’, आणि पंढरीच्या वाऱ्यांना लागतो चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र चा ‘ऱ्या’. दोन्ही एकेकच अक्षर, पण वेगळी. ‘दर्या’ म्हणजे समुद्र. तो म्हणताना द वर आघात येतो. ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन, तिथे द हलकाच राहतो. वारीचं अनेकवचन दऱ्यांच्या जातीचं. मोबाइलवर ‘ऱ्या’साठी खाली टिंब असलेला ऱ शोधावा लागतो, म्हणून कोडं घालणारेही कित्येकदा सरसकट ‘र्या’ टाइप करतात. ‘दर्या’ उत्तरात धरलेला असेल तर रफारच अभिप्रेत होता. ‘दऱ्या’ छापला असेल तर कोडंच चुकलंय, मग ‘वाऱ्या’ द्या बिनधास्त.

जोडाक्षरं न फोडताही इथे पुष्कळ निघतं. ‘स्ता’ला रस्ता आणि दस्ता (चोवीस तावांचा), ‘र्या’ला दर्या. वानर, वादक तीन अक्षरी. ‘कवा’वर भांडण होईल, आपल्याकडे ‘कवा आलास?’ रोज ऐकू येतं, मी तो धरीन, पण बोलीतले शब्द चालणार का हे खेळाआधी ठरवलेलं बरं. सगळ्यात लांब मला सापडला तो ‘दरवान’. म्हणताना दर्‌-वान, मोजताना चार.