ड्युअल अ‍ॅपमधल्या दुसऱ्या नंबरचा बॅकअप

प्रश्न: एकाच फोनवर दोन नंबरची दोन व्हॉट्सअ‍ॅप चालवतोय, एक साधं आणि एक ड्युअल अ‍ॅपवालं. दोन्हीला एकच जीमेल दिलं तर बॅकअप एकमेकांत मिसळतील का?

नाही, मिसळत नाहीत, बिनधास्त एकच जीमेल द्या. गूगलवरचा बॅकअप जीमेल आणि मोबाइल नंबर अशा जोडीने ठेवलेला असतो, त्यामुळे एका जीमेलमध्ये दोन नंबरचे दोन वेगळे बॅकअप आरामात राहतात, फक्त दोन्ही मिळून त्याच फुकटच्या १५ जीबीत बसावे लागतात.

खरी भानगड वेगळीच आहे. ड्युअल अ‍ॅप म्हणजे नुसतं दुसरं आयकॉन नाही, फोन आत गुपचूप दुसरा युजर तयार करतो, शाओमीमध्ये त्याचा नंबर ९९९ असतो, आणि त्याची स्टोरेज वेगळी, गूगल अकाउंटची यादीसुद्धा वेगळी. रात्री दोनला फोनमध्येच जो बॅकअप पडतो ना, तो क्लोनचा, म्हणजे ड्युअल अ‍ॅपवाल्या व्हॉट्सअ‍ॅपचा, त्या ९९९ च्या जागेतच पडतो.

आमच्या वहिनीचा साड्यांचा धंदा क्लोनमधल्या नंबरवर चालायचा. फोन हँग होतो म्हणून एका दुकानदाराने ड्युअल अ‍ॅपचं बटण बंद करून परत चालू करून दिलं. बटण बंद केलं की ते क्लोन अ‍ॅप त्याच्या सगळ्या डेटासकट पुसलं जातं, म्हणजे चॅटही गेलं आणि फोनमधला बॅकअपही. मेन व्हॉट्सअ‍ॅपला जीमेल जोडलेलं होतं, वहिनीला वाटायचं तेच दोन्हीला चालतं, पण क्लोनमध्ये ते कधी जोडलंच नव्हतं. तीन वर्षांच्या ऑर्डरी आणि कोणाची किती उधारी राहिलीय ते सगळं गेलं, फार वाईट वाटलं.

म्हणून आजच क्लोनवालं उघडा, Settings > Chats > Chat backup मध्ये जा आणि Google Account समोर जीमेल दिसतंय का बघा. रिकामं असेल तर तिथूनच अकाउंट अ‍ॅड करा, मेनमध्ये लॉगिन असलं तरी इथे परत पासवर्ड टाकावा लागू शकतो. मग Back up दाबा आणि वर Google चा बॅकअप आजच्या तारखेचा झाला का ते बघा, नुसती Local ची तारीख बघून गप्प बसू नका.

नवीन फोनवर तो नंबर मेन अ‍ॅपमध्ये टाकला काय किंवा क्लोनमध्ये टाकला काय, दोन्हीकडे रिस्टोअर होतं, कारण बॅकअप नंबर बघतो, अ‍ॅप नाही. पण क्लोनमध्ये करणार असाल तर रिस्टोअर विचारेल तेव्हा तिथे तेच जीमेल आहे ना ते बघा, नाहीतर बॅकअप सापडला नाही म्हणेल आणि आपण घाबरून Skip दाबतो. तसं झालंच तर नवीन बॅकअप घ्यायच्या आत अ‍ॅप काढून पुन्हा टाका.