प्रसूतीचा वेटिंग पीरियड आणि बाळाचं कव्हर

प्रश्न: पॉलिसी १० जून २०२३ ची, मॅटर्निटीला २४ महिने वेटिंग. बायकोची तारीख २५ जून २०२५. इंदूरमध्येच डिलिव्हरी. बाळही कव्हर होईल ना?

उत्तर: दादा, तारखेला झाली तर होईल, पण मधलं अंतर फार थोडं आहे. वेटिंग साधारणपणे डिलिव्हरीच्या दिवशी पूर्ण झालेलं लागतं. दिवस कधी राहिले ते बघत नाहीत. समजा, ३ जूनलाच कळा सुरू झाल्या, तर प्रसूतीचा क्लेम बसणार नाही. खरी चिंता पुढे आहे. बऱ्याच पॉलिसींत आईचा मॅटर्निटी क्लेम मंजूर झाला, तरच बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर मिळतं. लवकर आलेल्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, तर तो खर्चही तुमच्याच खिशातून. म्हणून थोडी रक्कम बाजूला ठेवाच.

डिलिव्हरी १० जूननंतर झाली, तर बाळ बहुधा ९० दिवसांपर्यंत आईच्या पॉलिसीत धरतात. त्याची मर्यादा वेगळी असू शकते, कलम नीट वाचा. पुढे ते आपोआप चालू राहत नाही. जन्मदाखला मिळताच कंपनीला लेखी कळवा, वाढीव प्रीमियम भरा आणि बाळाचं नाव चढलेलं एंडोर्समेंट हातात घ्या.