रनआऊटवरून भिडलेले दोघे आणि मधला कॅप्टन

प्रश्न: 'आमचा ओपनर आणि वन-डाऊन रनआऊटवरून ड्रेसिंग रूममध्ये भिडले. दोघंही म्हणतात, तो असेल तर मी खेळणार नाही. रविवारी मॅच आहे. मिटवू कसं?'

भाऊ, लगेच समोरासमोर बसवू नका. बाकीची पोरं पंच होऊन बसतात आणि त्यांच्यासमोर माघार घेणं कुणालाच जमत नाही. आधी एकेकट्याला गाठा. 'चूक कुणाची' हे विचारूच नका. बॉल कुठे होता, तुला काय ऐकू आलं, एवढंच विचारा.

आमच्या चाळीसगावकडे हेच झालं होतं. स्ट्रायकरने बॉल फाइन लेगला ढकलला आणि 'यस' म्हणून सुटला. नॉन-स्ट्रायकर 'थांब' ओरडला, पण टेनिस बॉलची स्पर्धा, कॉमेंट्रीवाल्याचा भोंगा सुरू, ऐकू कुणाला येणार? समोरचा अर्ध्यात आलेला बघून यालाही पळावं लागलं. दोघं क्रॉस झाले, थ्रो कीपरकडे आला. क्रॉस झाल्यावर ज्या टोकाच्या बेल्स उडतात, तिकडे पळणारा आउट. म्हणजे 'थांब' म्हणणाऱ्याचीच विकेट गेली!

वेगवेगळं ऐकल्यावर कळलं, दोघंही खरं बोलत होते. मग कॅप्टनने दोघांनाच मैदानावर नेलं आणि कॉल ठरवून दिला: बॉल स्ट्रायकरच्या मागे गेला तर कॉल नॉन-स्ट्रायकरचा, पुढे असेल तर स्ट्रायकरचा. गोंगाट असला तर सोबत हातही दाखवायचा.

पण खरं भांडण रनआऊटचं नव्हतंच. आपल्याकडे ड्रेसिंग रूम म्हणजे निंबाचं झाड आणि खाली किटबॅगा. तिथे एकजण सगळ्यांदेखत बोलून गेला, 'घरी कुणी विचारत नाही, इथे शहाणपणा शिकवतो भो!' रनआऊट विसरला जातो, हे नाही. बोलणी एकांतात करा, पण सर्वांसमोर टाकलेला शब्द सर्वांसमोरच मागे घ्यायला लावा. टॉसच्या आधी 'मी ते बोलायला नको होतं' एवढं एक वाक्य पुरतं. भाषण नको, जबरदस्तीची गळाभेट तर नकोच. तोवर व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग ठेवा.

हात उचलला असेल किंवा जातीवरून शिवी दिली असेल, तर मध्यस्थी करत बसू नका. त्याला बाहेर बसवा. तुम्ही दोघांपैकी कुणाचे नातेवाईक असाल, तर एखाद्या सीनियरला मधे घाला.

रविवारी वन-डाऊनला चौथ्या नंबरवर पाठवा, म्हणजे पहिल्याच ओव्हरमध्ये विकेट पडली तरी दोघं लगेच एकत्र येणार नाहीत. फिल्डिंगला त्यांच्याकडे लक्ष ठेवा. एकाच्या थ्रोला दुसरा बॅकअपला गेला नाही, तर अजून मिटलेलं नाही, पुन्हा एकेकट्याशी बोला.