सिएटल ते सिंगापूर: हँडओव्हरमधला हरवलेला तास

> "सिएटलची टीम शिफ्ट संपताना तिकिटं आमच्या नावावर टाकून निघून जाते. आम्ही सिंगापूरला. ती तिकिटं दुपारपर्यंत तशीच पडून राहतात. हिवाळ्यात असं होत नव्हतं, मार्चपासून सुरू झालंय. हँडओव्हरचा फॉर्म अजून तपशीलवार करावा का?"

फॉर्मला हात लावू नका, आधी घड्याळ बघा. तिन्ही ठिकाणी (तिसरं लंडन) ९ ते ६ अशी शिफ्ट आहे असं धरून सांगतो, वेगळी असेल तर आकडे बदलतील.

हिवाळ्यात सिंगापूर यूटीसी ०१:०० ते १०:००, लंडन ०९:०० ते १८:०० आणि सिएटल १७:०० ते ०२:०० असं बसतं. म्हणजे प्रत्येक जोडीला बरोबर एक तास सामाईक मिळतो. उन्हाळी वेळ लागू झाली की लंडन आणि सिएटल यूटीसीच्या हिशेबात एक तास अलीकडे येतात, सिंगापूर मात्र जागचं हलत नाही. सिएटल ०१:०० ला काम संपवून उठतं आणि तुम्ही ०१:०० ला कामाला बसता. तुमचा लंडनबरोबरचा तास दोन झाला आणि सिएटलबरोबरचा शून्य. मार्चपासून बिघडलंय ते यामुळे.

यावर उपाय म्हणजे उन्हाळी वेळ असेपर्यंत सिंगापूरने ८ ते ५ बसायचं. मग तिन्ही सांधे पुन्हा एकेक तासाचे होतात. पण हा बदल अमेरिकेच्या तारखेला करू नका. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ बदलते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी. २०२६ साली ८ आणि २९ मार्च. मधल्या तीन आठवड्यांत तुम्ही लवकर आलात, तर लंडनचा तास जातो. तेवढे दिवस सिएटलने १० ते ७ बसावं. शरद ऋतूतही एक आठवडा हेच होतं, कारण ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. दोन्ही टीमच्या कॅलेंडरवर या तारखा आधीच टाकून ठेवा.

आता खरी चूक. तिकीट असाइन केलं म्हणजे काम सोपवलं, असं धरलं जातंय. नाव बदलताच देणाऱ्याच्या यादीतून ते गेलं, घेणाऱ्याने मात्र अजून उघडलंही नाही. त्या वेळात काम कोणाचंच नाही. माझ्या मते नियम एकच हवा: घेणाऱ्याने "घेतलं" असं लिहीपर्यंत मालक देणाराच. टूलमध्ये मालकाशेजारी "प्रस्तावित मालक" असं वेगळं फील्ड ठेवा. शिफ्ट संपायला १५ मिनिटं उरली आणि होकार नाही, तर देणाऱ्याने समोरच्या शिफ्ट लीडला फोन करायचा. मेसेज नव्हे, फोन.

याचं मूळ बहुतेकदा टीममध्ये नसतं. मोजमाप ठरवणारं एखादं केंद्रीय ऑफिस तिकीट दुसऱ्या प्रदेशात गेलं की ते सोडवायला लागणारा वेळ मोजणारं देणाऱ्याचं घड्याळ थांबवतं. मग संध्याकाळी पावणेसहाला तिकिटं ढकलणं हेच शहाणपणाचं ठरतं, आणि दोष येतो तो घेणाऱ्यांवर. हे बदलून घेण्यासाठी भांडावं लागलं तरी भांडा; घड्याळ होकारावरच थांबलं पाहिजे.

नोट सामाईक तास सुरू होण्यापूर्वी लिहून झालेली हवी, तो तास प्रश्नांसाठी असतो. "डिस्क भरतेय, तपास चालू आहे" ही नोट निरुपयोगी. त्याच कामाची चांगली नोट अशी:

> "००:०० यूटीसी: रेप्लिकाची डिस्क ९१ टक्के, तासाला साधारण २ टक्के वाढतेय. कारण: जुने लॉग पुसणारं काम बंद पडलंय. इंडेक्स नव्याने बांधणं चालू आहे, ०४:०० पर्यंत संपेल. तोवर रीस्टार्ट करू नका. ०२:०० ला ९५ च्या वर गेली, तर सात दिवसांपेक्षा जुने लॉग हलवा."

यातलं "करू नका" हे वाक्य नेमकं गाळलं जातं. देणाऱ्याला ते इतकं उघड वाटतं की लिहावंसं वाटत नाही. नवीन माणूस चढता आकडा बघून पहिल्यांदा रीस्टार्टच करतो आणि कित्येक तासांचं इंडेक्सचं काम पुन्हा शून्यावर येतं. म्हणून घेणाऱ्याने "घेतलं" एवढंच न लिहिता पुढची पायरी स्वतःच्या शब्दांत लिहावी: "०२:०० ला डिस्क बघतो, ०४:०० पर्यंत रीस्टार्ट नाही." समज चुकली असेल तर देणारा जाण्याआधीच कळतं.

जाता जाता: सिएटलचा शुक्रवार संपतो तेव्हा तुमच्याकडे शनिवार असतो, आणि तुमच्या सोमवारी सकाळी तिथे रविवार. म्हणजे हा सांधा आठवड्यातून चारच दिवस चालतो. शुक्रवारचं उघडं काम क्यूत टाकू देऊ नका; ऑन-कॉल माणसाच्या नावाने, फोनवर होकार घेऊनच द्यायला सांगा.