खाडीजवळ घर बांधतोय, ओपीसी, पीपीसी की स्लॅग सिमेंट?

प्रश्न: रत्नागिरीजवळ खाडीपासून जवळच एक मजली घर बांधतोय. दुकानदार म्हणतो ५३ ग्रेडच घ्या, ते सगळ्यात मजबूत. पीपीसी आणि स्लॅगमध्ये नक्की काय फरक आहे, कुठे काय वापरू?

खाडीजवळ फुटिंग, प्लिंथ आणि कॉलमला स्लॅग सिमेंट घ्या, मिळालं नाही तर पीपीसी, पण ५३ ग्रेड इथे नको.

५३ हा आकडा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा आहे, टिकाऊपणाचा नाही. ५३ ग्रेड म्हणजे साधं सिमेंट, ओपीसी, त्यात पाणी पडलं की चिकटणाऱ्या पदार्थासोबत मोकळा चुनाही तयार होतो आणि तो काँक्रीटमध्ये तसाच पडून राहतो. पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते (औष्णिक वीज केंद्रातली राख), ती हळूहळू हाच चुना खाऊन आणखी चिकट पदार्थ बनवते, त्यामुळे बारीक छिद्रं बुजतात आणि पाणी आत शिरायला वेळ लागतो. स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, पाण्याने झटकन थंड करून दळलेली. स्लॅग सिमेंटमध्ये ती २५ टक्क्यांपासून ७० पर्यंत असू शकते आणि समुद्राच्या पाण्यातलं क्लोराईड सळईपर्यंत जायला ती चांगलाच अडथळा करते. खाडीकाठच्या घराला खरा धोका तोच, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते.

पण या दोन्हींची सुरुवात संथ असते, आणि गडबड होते ती इथेच. समजा तुमच्या हॉलचा स्लॅब १२ फूट गाळ्याचा आहे, तर ओपीसीला काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे टेकू ७ दिवसांनी काढता येतात, पण पीपीसी किंवा स्लॅग असेल तर मी १४ दिवस तरी हात लावू देत नाही, कॉन्ट्रॅक्टर कितीही घाई करू दे. क्युरिंगही किमान १० दिवस, ओपीसीला ७ चालतात. पाणी मारण्यात कंजूषी झाली तर स्लॅगचा फायदा तिथेच संपला, पृष्ठभाग भुसभुशीत राहतो, नखाने खरवडलं तर पावडर निघते. फर्मा काढल्यावर काँक्रीट निळसर हिरवट दिसलं तर मात्र घाबरू नका, स्लॅगमध्ये तसं होतं, हवा लागली की जातं.

वीटकाम आणि प्लास्टरला सरळ पीपीसी घ्या, ५३ ग्रेडच्या प्लास्टरला केसासारख्या चिरा पडायची शक्यता जास्त. ओपीसी ठेवा जिथे लवकर ताकद हवी तिथे, म्हणजे प्रीकास्ट किंवा तातडीची दुरुस्ती.

पोतं घेताना आयएस नंबर बघा: पीपीसीवर १४८९, स्लॅगवर ४५५, ओपीसीवर २६९, शिवाय कुठल्या आठवड्यातलं आहे तेही छापलेलं असतं, कोकणात पावसाळ्यात तीन महिने जुनं पोतं घेऊ नका. आणि फुटिंगला सळईवर ५० मिमी काँक्रीटचं कव्हर ठेवा, मिक्सरमध्ये पाणी वाढवू देऊ नका, नाहीतर कुठलंही सिमेंट घेतलं तरी सळई गंजणारच.