फ्रेंच अवतरणचिन्हं इंग्रजीत आणताना

प्रश्न: "एका फ्रेंच कथेचा इंग्रजी अनुवाद करतेय. मूळ फाइलमध्ये प्रश्नचिन्ह-उद्गारचिन्हांच्या आधी मोकळी जागा आहे आणि संवादांना « » अशी चिन्हं आहेत. फाइंड-रिप्लेसने सगळं एकदम बदललं तर चालेल का?"

जागा काढायला चालेल, अवतरणचिन्हं बदलायला नाही. दोन्ही कामं वेगळी ठेवा आणि जागांचं आधी उरका.

दोन तुकड्यांची चिन्हं, म्हणजे ; : ! आणि ?, यांच्याआधी फ्रेंचमध्ये जागा सोडतात. पूर्णविराम आणि स्वल्पविराम मात्र आपल्यासारखेच शब्दाला चिकटून बसतात. « » च्या आतल्या बाजूलाही दोन्हीकडे जागा असते. फ्रान्समधल्या छपाईच्या शिस्तीत ; ! ? यांच्याआधीची जागा बारीक असते, तर अपूर्णविरामाआधीची आणि « » च्या आतली नेहमीएवढी. पण दोन्ही न तुटणाऱ्या, म्हणजे प्रश्नचिन्ह शब्दाला सोडून पुढच्या ओळीच्या तोंडाशी एकटं जाऊन पडत नाही. (मजकूर क्वेबेकचा असेल तर ; ! ? यांच्याआधी बहुधा जागा दिसणार नाही, पण अपूर्णविरामाआधी आणि « » च्या आत दिसेल.)

फाइंड-रिप्लेसची पहिली अडचण इथेच येते. या जागा डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण संगणकासाठी ती वेगवेगळी अक्षरं आहेत: साधी जागा, न तुटणारी `U+00A0` आणि बारीक न तुटणारी `U+202F`. स्पेसबारने टाकलेली जागा शोधलीत तर बाकीच्या दोन सापडतीलच असं नाही. वर्डमध्ये ¶ हे बटण दाबलं की साध्या जागेच्या ठिकाणी ठिपका आणि `U+00A0` च्या ठिकाणी अंशाच्या खुणेसारखं छोटं वर्तुळ दिसतं. वर्डच्या शोधखिडकीत तिला `^s` आणि बारीक जागेला `^u8239` म्हणतात. रेजेक्स, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी नमुना देऊन शोधण्याची सोय, चालणाऱ्या एडिटरमध्ये मी या दोन ओळी वापरतो:

```
[ \u00A0\u202F]+([;:!?»])  →  $1
«[ \u00A0\u202F]+          →  «
```

चिन्हाला लागून असलेलीच जागा काढायची. सगळ्या न तुटणाऱ्या जागा सरसकट पुसल्यात तर `10 000` चं `10000` होईल. फ्रेंच आकड्यांत हजाराच्या जागी हीच जागा असते, तिथे इंग्रजीत स्वल्पविराम हवा.

आता अवतरणचिन्हं. हा उतारा पाहा:

```
« Entrez, dit-elle, la porte est ouverte ! Vous avez faim ?
— Un peu », répondit Paul.
```

दोन माणसं बोलतात, पण « » ची जोडी एकच आहे. ती संवाद सुरू होताना उघडते आणि संवाद संपल्यावर मिटते. मधे बोलणारा बदलला की नव्या ओळीवर फक्त आडवी रेघ येते. `dit-elle`, म्हणजे 'ती म्हणाली', हे लेखकाचे शब्दही चिन्हांच्या आतच राहतात, नुसत्या स्वल्पविरामांमध्ये. फ्रेंच वाचकाला क्रियापदाच्या उलट्या क्रमावरून कळतं की हे पात्राचं बोलणं नव्हे.

इंग्रजीची रीत आपल्या मराठीसारखी आहे: "या," ती म्हणाली, "दार उघडंच आहे!" निवेदन आलं की चिन्ह मिटायचं, बोलणं आलं की पुन्हा उघडायचं. म्हणून वरचा उतारा असा होतो:

```
“Come in,” she said, “the door is open! Are you hungry?”
“A little,” Paul replied.
```

एका जोडीच्या तीन जोड्या झाल्या आणि रेघ गेली. फाइंड-रिप्लेसने ही विभागणी होत नाही. नुसती चिन्हं बदलली असती तर "ती म्हणाली" हे शब्दही तिच्याच तोंडी गेले असते. शेवटचा स्वल्पविरामही पाहा: फ्रेंचमध्ये तो » च्या बाहेर होता, इंग्रजीत आत आला. पुष्कळ आधुनिक कादंबऱ्यांत « » मुळीच नसतात, प्रत्येक संवाद रेघेनेच सुरू होतो. तिथे तर बोलणं कुठे संपतं हे प्रत्येक ओळ वाचूनच ठरवावं लागतं.

संवाद नसेल, लेखात एखादाच शब्द « » मध्ये असेल, तर बदल सरळ आहे, फक्त प्रकाशक कुठला ते विचारा. अमेरिकन रीतीत दुहेरी चिन्हं असतात आणि पूर्णविराम-स्वल्पविराम आत जातात. ब्रिटिश पुस्तकांत बहुधा एकेरी चिन्हं असतात आणि असा विराम बाहेर राहतो. फ्रेंच अवतरणातलं अवतरण बहुतेकदा “ ” मध्ये असतं. ते बाहेरच्या चिन्हांच्या उलट करायचं, म्हणजे बाहेर दुहेरी तर आत एकेरी.

जागांचं काम आधी करायचं कारण वर्डची आपोआप वळणारी चिन्हं. मिटणाऱ्या चिन्हाआधी साधी जागा राहिली असेल तर वर्ड त्याला उघडणारं चिन्ह समजतो आणि उलटं वळवतो. म्हणून अवतरणचिन्हं बदलण्याआधी रेजेक्सच्या वरच्या दोन्ही ओळींचा शोध पुन्हा घ्या. दोन्हींत काही सापडलं नाही तर जागांचं काम झालं. अवतरणचिन्हं बदलून झाल्यावर `said`, `replied`, `asked` हे शब्द एकेक करून शोधा आणि प्रत्येक वेळी तो शब्द चिन्हांच्या बाहेर आहे ना, ते पाहा.